गुरुजींचं दारिद्र्य

आनंदी करांडेच्या कर्जाला मी जामीन राहिलो, ते तिच्या रेशीमकिड्यांकडे बघून. घरातल्या दोन्ही खोल्या किड्यांना दिलेल्या आणि नवरा-बायको निजायला ओसरीत. शेजारी म्हणून मला सगळं माहीत. दोन एकर तुती, चार म्हशी, डेअरीकडून दुधाच्या पैशांची बिलं वेळच्या वेळी. बाई कुणाचा एक पैसा बुडवणार नाही. फक्त किड्यांसाठी शेड हवी होती आणि ती पावसाळ्याआधी उभी राहायला हवी होती. कोंदट घरात किडे रोगानं मरतात. गेल्या पावसाळ्यात अख्खी बॅच उकिरड्यावर गेली, तेव्हा ही बाई दोन दिवस जेवली नव्हती.

सहकारी बँकेसाठी अर्ज तिनंच लिहिला. "साहेब, माझं बरं चाललंय. डेअरीला दूध जातं, कोष विकून पैसा येतो. शेड झाली तर बॅच वाढतील. हप्ता चुकणार नाही. कळावे, लोभ असावा."

आता आमच्या गावात अर्ज पाटोळे गुरुजींच्या लाल पेनाखालून गेल्याशिवाय वेशीबाहेर पडत नाही. निवृत्त झाले तरी पेन निवृत्त व्हायला तयार नाही. गुरुजींनी चष्मा चढवला आणि कपाळाला हात लावला.

"अगं, 'लोभ असावा' हे माहेरच्या पत्रात! इथं 'आपली विश्वासू'. 'डेअरीला' नाही, 'डेअरीस'. आणि 'माझं बरं चाललंय'? बरं चाललंय तर कर्ज कशाला मागतेस?"

"बरं चाललंय म्हणूनच फेडीन की, गुरुजी."

"मागणाऱ्यानं वाकून मागावं. अर्जाची एक रीत असते."

मग त्यांनी स्वतःच्या हातानं सुवाच्य अर्ज लिहिला. मी वाचला तेव्हा मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू! आनंदीनं सही केली. गुरुजींनी लिहिलेलं चुकीचं कसं असेल, असं तिला वाटलं आणि मलाही. सोसायटीच्या सचिवांनी न वाचता शिफारशीचा शिक्का मारला. तीही रीतच.

बुधवारी शाखाधिकारी माळगे साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. साहेबांनी अर्ज मोठ्यानं वाचला, सगळ्या शाखेला ऐकू जाईल असा.

"'मी एक अत्यंत गरीब शेतकरी महिला असून माझी परिस्थिती हलाखीची आहे. मजकडे उपजीविकेचे अन्य कोणतेही साधन नाही. तरी मेहरबान साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करून मज उपकृत करावे.'" साहेबांनी कागद खाली ठेवला. "भाषा उत्तम आहे, बाई. पण साधनच नाही तर हप्ता कशातून भरणार?"

रांगेतली माणसं तिच्याकडे दयेनं बघायला लागली. ऐकून ऐकून मलाही तसंच वाटायला लागलं. असल्या कंगाल बाईला मी जामीन कसा राहिलो?

"डेअरीची बिलं जोडल्यात की, साहेब," आनंदी म्हणाली.

"तीच तर अडचण आहे. बिलं म्हणतात उत्पन्न आहे, तुम्ही म्हणता नाही. दोघांतलं एक खोटं. मी काय मंजूर करू?"

सातबारा समोर, कोषाच्या विक्रीच्या पावत्या समोर. पण साहेबांचा विश्वास बसला तो 'मजकडे'वर! मला इतका संताप आला की टेबलावरचा पेपरवेट उचलावासा वाटला.

आनंदी उठून उभी राहिली. "साहेब, ते दारिद्र्य गुरुजींचं हाय, माझं न्हवं. माझं बरं चाललंय."

साहेबांनी पुन्हा एकदा बिलं चाळली, या वेळी खरोखर वाचून.

"मग तसं लेखी द्या. तोंडी चालत नाही. उद्या दुपारी बाराला प्रस्ताव जिल्ह्याला जातात, नंतर पावसाळ्यानंतरच बघू." आणि वर म्हणाले, "पण भाषा औपचारिक हवी हं. वरचे साहेब फार काटेकोर आहेत."

म्हणजे पुन्हा गुरुजी!

या वेळी आनंदी त्यांच्या खुर्चीशेजारी उभी राहिली. "मी सांगते, तुम्ही लिवा. 'स' आन् 'ला' तुमचं. बाकी सगळं माझं."

गुरुजींनी लिहायला घेतलं. 'माझी आर्थिक स्थिती उत्तम असून' इथवर पेन आलं आणि अडलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांची हलाखी लिहिलेला हात तो! कसंबसं वाक्य पुरं केलं. म्हशी आल्या, तुती आली, हप्त्याची हमी आली, 'आपली विश्वासू'ही आलं. मग गुरुजींनी हळूच वर पाहिलं.

"आनंदी, फार ताठ वाटतंय गं. निदान 'परमेश्वरकृपेने' तरी घालू का?"

"परमेश्वर येतोय व्हय तुतीचा पाला तोडायला?"

गुरुजींनी पेनाला टोपण लावलं. ती सही करायला वाकली, तेवढीच.