शेकडा दीड

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मेहकरच्या शोरूममध्ये वंदनाने कर्जाच्या अर्जावर सही करायला पेन उचललं आणि परत ठेवलं.

सोमवारपासून तिला इथल्या दवाखान्यात नव्या नोकरीवर सकाळी सहाची पाळी होती, पगार साडेनऊ हजार. गावची पहिली एसटी साडेसातला. नवऱ्याची, ज्ञानेश्वरची गाडी त्याच्या आजारपणात विकली गेली होती. तो गेला त्याला आठ महिने झाले. खात्यात एक लाख उरले होते आणि जूनमध्ये मुलीच्या, काजलच्या नर्सिंगचे पस्तीस हजार भरायचे होते.

स्कूटर सगळं धरून अठ्ठ्याण्णव हजारांची. रोख घेतली तर काजलची फी जाणार. गोपाल सेल्समनने कागद फिरवला. वीस हजार आधी, अठ्ठ्याहत्तर हजार कर्ज, छत्तीस हप्ते, दोन हजार आठशे सतराचे. फाइलचे, म्हणजे कर्जाच्या कागदपत्रांचे, अडीच हजार वेगळे.

"दहाच टक्के, ताई."

सासरे उकंडराव बोटं मोजत होते. "वर्साचे दहा म्हंजे महिन्याला शेकडा रुपयाबी नाई. गावात तीन घेतात. घे, पोरी."

वंदना हप्त्यांची बेरीज करून बसली होती. एक लाख एक हजार चारशे बारा. घेतल्यापेक्षा तेवीस हजार जास्त. तिने फक्त विचारलं, "हप्ते भरून पैसे कमी होतील, तसं व्याज कमी होईल ना?"

"फ्लॅट आहे ताई. तीन वर्षं अठ्ठ्याहत्तरवरच."

"फ्लॅट म्हंजे काय बे?" उकंडराव म्हणाले. मग स्वतःच थांबले. "म्हंजे शेवटच्या महिन्यात दोन-तीन हजार उरले, तरी व्याज अख्ख्या रकमेचं? मंग सरासरी निम्मीच रक्कम आपल्याकडं, शेकडा दीड पडला की. गावचा सावकार बदनाम, अन् तू पंखा लावून बसला म्हून साहेब?"

"बाबा, मी नोकर माणूस."

"मामाजी, राहू द्या," वंदना म्हणाली. मग गोपालला, "साठ हजार आधी भरते. अडतीस हजारांचं कर्ज, दीड वर्ष."

गोपालने मोबाइलवर आकडे टाकले. हप्ता दोन हजार चारशे अठ्ठावीस. व्याज पाच हजार सातशे, आधी तेवीस हजार चारशे होतं. फाइलचे पैसे देऊन तिच्याकडे साडेसदतीस हजार उरत होते.

"एवढं छोटं कर्ज फायनान्स कंपनी देईलच असं नाही. त्यात तुमचा आधीचा रेकॉर्ड नाही, पगाराची पावती नाही. मोठी फाइल लवकर मंजूर होते."

"काऊन?" उकंडरावांनी विचारलं.

गोपालने पंख्याकडे पाहिलं. "आमचंही त्यात काही असतं, बाबा."

वंदनाने छोट्या अर्जावर सही केली. उकंडराव जामीनदार व्हायला तयार होते, पण त्यांचं वय बहात्तर. कंपनीला ते चालत नाही.

संध्याकाळी सहाला शोरूम बंद झालं तेव्हा गोपालचा फोन आला. फाइल कंपनीकडे गेली आहे, उत्तर आलेलं नाही. आता हाती फक्त शनिवार; रविवारी कंपनीचं कार्यालय बंद असतं.