शेगडीचा गारठा

कोळसा जळून कार्बन मोनॉक्साइड होताना एन्थाल्पी, म्हणजे साठलेली उष्णता, किती बदलते, या प्रश्नाला अख्ख्या वर्गाने उणे ११०.५ किलोजूल लिहिलं होतं. सरांच्या उत्तरात अधिक १७२.५ होतं.

"सगळ्यांनी कॉपी केली!" शिक्षकखोलीत सर कडाडले.

शेजारच्या टेबलावरच्या बाई एकेकाळी त्यांच्याच विद्यार्थिनी. त्यांनी सरांचा कागद निवांत वाचला. "सर, शेगडी पेटवली की खोली गार पडते का हो?"

"काहीतरीच काय!"

"तुमचं उत्तर अधिक आलंय. म्हणजे कोळसा जळताना उष्णता ओढून घेतो."

सरांनी चष्मा पुसला. कार्बन डायऑक्साइड होतानाचे उणे ३९३.५ ठीक होते. दोन मोल मोनॉक्साइड जळण्याचं दुसरं समीकरण, उणे ५६६चं, त्यांनी उलटं केलं होतं, चिन्हही बदललं होतं. मग समीकरण निम्मं केलं. ५६६चे २८३ करायचे मात्र राहूनच गेले होते.

"पोरांचं बरोबर आहे की," ते पुटपुटले.

बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. "असं चुकलं की आम्हाला काय करायला लावायचात?"

सरांनी पेन उघडलं. "दहा वेळा लिहायचं ना?"

"मला वीस वेळा लावलं होतंत, सर."