महालक्ष्म्यांच्या भिंतीवरचा टीव्ही

दर्पण कॉलनीत कुणाचंही कपाट हलवायचं झालं, की पहिली हाक जयसिंहरावांना जायची. सरदार घराण्यातला माणूस. पणजोबांनी म्हणे एकट्याने तोफ ओढली होती. स्वतः जयसिंहराव पाणीपुरवठा विभागातून रिटायर झालेले, पण तोफेचा वारसा त्यांनी फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एकदा एक फुगलेली म्हैस यांवर निष्ठेने चालवला होता.

या वर्षी मात्र घोटाळा झाला होता. ज्येष्ठात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. शहरातल्या कंपू भागातल्या डॉक्टरांनी पोटात जाळी बसवली आणि दिवाळीपर्यंत पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही, असं बजावलं. कॉलनीला त्यांनी सांगितलं होतं, "इंदूरला भाच्याच्या साखरपुड्याला गेलो होतो." खरं काय ते फक्त बायको मंदाताई आणि सून सोनिका जाणत होत्या.

आता भाद्रपद लागला होता आणि शेजारचे माधवराव दाराशी उभे होते.

"जयसिंहराव, उद्या महालक्ष्म्या यायच्यात आणि जागेवर टीव्ही लटकलाय. जावयाने हौसेने लावला, आणि आता जावई पुण्याला. जरा येता?"

माधवरावांच्या घरी महालक्ष्म्या पूर्वेच्याच भिंतीपाशी उभ्या राहायच्या. राज्यं बदलली, भिंत बदलली नाही. टीव्हीवर साडी टाकून काम भागेल असं माधवरावांनी सुचवून पाहिलं होतं. त्यांच्या बायकोने, इंदुताईंनी, विचारलं होतं, "आणि मुकुटामागून टीव्हीचे काळे कोपरे शिंगांसारखे दिसले, तर बायका काय म्हणतील? ज्येष्ठा, कनिष्ठा आणि मागे महिषासुर?"

"आलो," जयसिंहराव म्हणाले. तोंडातून निघून गेलं. मागून मंदाताईंनी दबक्या आवाजात विचारलं, "काय उचलणार आहात? स्वतःचं प्रेत?"

"नुसतं बघायला जातोय."

"बघायलाच जा. जाळी सुटली ना, तर मी इंदूरचं सगळं सांगेन."

माधवराव भिंतीपाशी पाना घेऊन पोचले, तर फिरवायला काहीच नव्हतं. टीव्ही भिंतीला चिकटून बसलेला, कडेने बोट जाईल एवढीच फट.

"बोल्ट कुठायत हो?"

"मागे," जयसिंहराव सोफ्यावर बसत म्हणाले. "भिंतीतले बोल्ट टीव्हीच्या पाठीमागे झाकलेत. आधी टीव्ही काढायचा, मग ते हाताला लागतात. आमच्या पुतण्याच्या, दिग्विजयच्या घरी बघितलंय मी. भिंतीवर एक पट्टी, टीव्हीच्या पाठीवर दोन उभ्या दांड्या, दांड्यांना वर हुक. हुक पट्टीवर अडकतात. खाली लॉक. लॉक सुटलं, की खालची कड पुढे ओढायची, वर उचलायचं, आला."

"आणि उचलणार तुम्ही," माधवराव समाधानाने म्हणाले.

जयसिंहरावांच्या पोटात बारीक कळ आली. जाळी होती तिथेच.

"आधी स्विच बंद करा. प्लग काढा. केबलसुद्धा. वायर अडकली तर टीव्ही आपल्याला घेऊन पडेल." ही माहिती खरी होती आणि वेळखाऊही होती, म्हणून त्यांनी ती सावकाश सांगितली. मग दिवाणावर गादी, गादीवर घोंगडी आणि पाठ टेकवायला भिंतीशी दोन उशा मांडून घेतल्या. मग पाणी मागितलं. मग दुसरं काहीच उरलं नाही.

"भाऊजी, वजन किती असेल?" इंदुताईंनी विचारलं.

"पंधरा-सोळा किलो. वजन फार नाही, वहिनी, पण पसारा मोठा. एकट्याचं काम नाही. एक इकडून, एक तिकडून, खालची कड आणि बाजू धरून. पडद्यावर हात दाबायचा नाही, फुटतो."

"मग तुम्ही डावीकडे, हे उजवीकडे."

"मी कमांड देतो," जयसिंहराव म्हणाले. "बाहेरून बघणारा माणूस पाहिजे. युद्धात सेनापती तोफ ओढत नाही."

"तुमच्या पणजोबांनी ओढली होती ना?" माधवराव म्हणाले.

"म्हणूनच सेनापती झाले नाहीत."

इंदुताईंनी पदर खोचला. घरात सणाच्या आधी रोज हंडे हलवणारी बाई, तिला सोळा किलोचं काय. टीव्हीच्या खाली उजवीकडून एक दोरी लोंबत होती. माधवरावांनी ती ओढली. टक आवाज झाला आणि उजवी बाजू जराशी पुढे आली.

"डावीकडची दोरी दिसत नाहीये," इंदुताई म्हणाल्या.

वाकून बघावं लागलं असतं, आणि वाकणं मना होतं. शिवाय कुणी पुन्हा 'तुम्हीच धरा' म्हणायच्या आत हे आटपायचं होतं. जयसिंहराव म्हणाले, "एकाच दोरीचं मॉडेल आहे. उचला."

दोघा नवरा-बायकोंनी उचललं. उजवा हुक सुटला, डावा सुटला नाही. टीव्ही तिरका झाला, उजवीकडचं सगळं वजन माधवरावांच्या मनगटांवर आलं, आणि त्या मनगटांनी आजवर पोथीपेक्षा जड काही पेललं नव्हतं.

"जयसिंहराव, धरा," माधवराव कुजबुजल्यासारखे म्हणाले. "हातातून सुटतोय."

जयसिंहराव उठले. हात आपोआप टीव्हीच्या खालच्या कडेकडे गेले. जाळीपाशी काहीतरी ताणलं गेलं. आतापर्यंत कशाकशाला घातलेला हात त्यांनी मागे घेतला, आणि त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"मला उचलता येत नाही. हर्नियाचं ऑपरेशन झालंय. माधवराव, ओढू नका. उजवी बाजू परत वर न्या, हुक पट्टीवर टेकवा. वहिनी, तुम्ही डावीकडून नुसता आधार द्या."

टीव्ही परत पट्टीवर बसला. माधवराव जमिनीवर बसले.

"म्हणजे इंदूरला साखरपुडा नव्हता?" इंदुताईंनी विचारलं.

"भाच्याचं अजून कुठे जमलेलंच नाही," जयसिंहराव म्हणाले. "आणि एकाच दोरीचं मॉडेलही बहुतेक नसतं. मी बोलून गेलो."

माधवरावांनी फोन डावीकडच्या फटीत घालून फोटो काढला. दुसरी दोरी होती. फिटिंगवाल्याने ती वायरींबरोबर वर बांधून ठेवली होती. इंदुताईंनी पातळ कात्री फटीत घालून तेवढीच गाठ कापली आणि दोरी ओढली. दुसऱ्यांदा टक झालं. आता दोन्ही बाजू मोकळ्या होत्या, पण माधवराव मनगटं चोळत परत खाली बसले.

"सोनिकाला बोलवा," जयसिंहराव म्हणाले. "तुम्ही बसा. आपण दोघं बसू."

सोनिका आली, सासऱ्याकडे बघून म्हणाली, "पापा, आप तो रहने ही दो," आणि उजवीकडे उभी राहिली. दोघींनी खालची कड पुढे घेतली, गुडघ्यांतून जोर लावून टीव्ही सरळ वर उचलला आणि हुक सोडवले. दोन पावलांत तो गादीवर पाठ टेकून, तोंड खोलीकडे करून बसला, जणू पाहुणाच.

मागे पट्टी उघडी पडली, आणि चारही बोल्ट समोर दिसले.

"खालचे दोन आधी," जयसिंहराव बसल्या जागेवरून म्हणाले. "वरचे शेवटी. पट्टीला एकीने हात लावून ठेवा, नाहीतर शेवटचा बोल्ट सुटला, की पायावर येईल."

माधवरावांनी उभं राहून खालचे बोल्ट काढले, सोनिकाने स्टुलावर चढून वरचे. भिंतीवर चार भोकं आणि काळी चौकट उरली. इंदुताई म्हणाल्या, त्यावर जरीची साडी येईल.

मग त्या चहा टाकायला गेल्या, आणि कॉलनीतल्या बायका हळदीकुंकवाला यायच्या आत त्यांना काय काय सांगायचं, याचा हिशोब त्यांच्या चेहऱ्यावर दिसू लागला.

"वहिनी, कुणाला बोलू नका," जयसिंहराव म्हणाले.

"मी कशाला बोलू? माझ्या धाकट्या दिरालाही जाळी आहे. दोन आहेत."

माधवराव खाली बघत म्हणाले, "माझंही मागच्या वर्षी झालं. मूळव्याधीचं. आम्ही काशीला गेलो होतो, असं सांगितलं होतं."

जयसिंहरावांनी त्यांच्याकडे बघितलं.

"प्रसाद आणला होता तुम्ही काशीचा."

"इथल्याच हलवायाचा."

"मग विसर्जनानंतर टीव्ही परत लावायचा, तेव्हा दोघं सोफ्यावरच बसू," जयसिंहराव म्हणाले. "आणि ती खुर्ची जरा इकडे सरकवा. नाही, मी उठत नाही."