भाकरीवरची माशी

फोटो दुपारी एक वाजता आला, तेव्हा दीपमालानं तो नेहमीच्या सवयीनं पाहिला. म्हणजे आधी ताट, मग भाकरी, मग वाट्या, आणि शेवटी भाजीवर तेल किती चमकतंय ते.

धुळ्यात देवपूरला डॉ. ज्योत्स्ना यांचा मधुमेहाचा दवाखाना होता. दीपमाला तिथं आहारतज्ज्ञ म्हणून लागून जेमतेम आठ महिने झाले होते. साक्रीकडच्या खेड्यांतले पेशंट वारंवार येऊ शकत नाहीत, म्हणून ते जेवणाआधी ताटाचा फोटो मोबाईलवर पाठवायचे, आणि फोटोवरून पोटात किती गेलं याचा अंदाज काढायचं काम तिचं. तिला ते काम मनापासून आवडायचं. फोटोत फक्त लांबी-रुंदी दिसते. जाडी, खोली आणि वजन आपण डोक्यात भरायचं असतं. म्हणजे हे गणितच, फक्त त्याला फोडणीचा वास.

आजचं ताट सुकलाल आबांचं होतं. वय बासष्ट, दीड महिन्यापासून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. सून हेमलता न चुकता फोटो पाठवायची, अगदी वरून, ताट मधोमध धरून. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या दोन भाकरी, एक सपाट आणि दुसरी घडी घालून तिच्यावर ठेवलेली. एक वाटी भरीत, एक वाटी तुरीचं वरण, बाजूला कांदा.

दीपमालानं कागदावर आकडे मांडले. ताट अठ्ठावीस सेंटिमीटरचं. भाकरी ताटाच्या पाऊणपट, म्हणजे एकवीस. एवढ्या भाकरीला पीठ पंच्याऐंशी ग्रॅम, उष्मांक दोनशे नव्वद. दोन भाकरींचे पाचशे ऐंशी. वाटी दीडशे मिलिलिटरची. भरीत तेलासकट दीडशे, वरण एकशेवीस. सगळं मिळून साडेआठशे. गेले पंधरा दिवस आबांचं दुपारचं जेवण असंच साडेआठशेच्या घरात बसत होतं.

ती कागद घेऊन आत गेली. डॉक्टर आबांचे रीडिंग बघत होत्या.

"रात्रीच्या जेवणाआधी दोनशे चाळीस, दोनशे पंचवीस, दोनशे साठ," डॉक्टर म्हणाल्या. "दुपारचं जेवण किती?"

"साडेआठशे, मॅडम. त्यात भाकरीच जास्त."

"मग सकाळचा डोस कमी पडतोय. अठराचे बावीस युनिट करू. संध्याकाळी मीच फोन करते, उद्यापासून सुरू." मग त्या थांबल्या. "मध्ये चक्कर येते म्हणत होते ना?"

"हो, चारच्या सुमाराला. कापूस वेचताना. सून म्हणते, उन्हानं होतं."

"तेव्हा साखर तपासली?"

"मशीन घरी असतं, आबा शेतात. ते घरी येईपर्यंत सात वाजतात."

डॉक्टरांनी पेन टेबलावर ठेवलं. "चार वाजता साखर खाली जात असेल आणि मी डोस वाढवला, तर म्हातारा बांधावर आडवा होईल. पण दुपारी एवढं जेवून साखर खाली कशी जाईल? तुझा अंदाज पक्का आहे ना?"

"दहा-पंधरा टक्के इकडंतिकडं होईल. जास्त नाही."

हे ती बोलली खरी, पण जागेवर येऊन बसल्यावर तेच वाक्य तिला टोचायला लागलं. पक्का अंदाज म्हणजे काय? ताट अठ्ठावीसचं आहे हे तिला कोणी सांगितलं होतं?

तिनं फोटो पुन्हा उघडला. यावेळी तिला भाकरीच्या कडेला एक ठिपका दिसला. करपलेला असेल असं वाटून तिनं तो मोठा केला, तर ती माशी होती. हेमलताला 'ताट झाकून ठेवत जा' असं लिहायला तिनं बोटं उचलली आणि तशीच थांबली.

माशी जरा जास्तच मोठी होती.

दीपमालानं ड्रॉवरमधून पट्टी काढली आणि पडद्याला लावली. माशी डोक्यापासून शेपटापर्यंत मोजली, मग भाकरी. भाकरीच्या रुंदीत अशा साडेएकवीस माश्या बसत होत्या. भाकरी एकवीस सेंटिमीटरची धरली, तर माशी जवळजवळ एक सेंटिमीटरची होत होती.

"पुनाभाऊ, घरातली माशी केवढी असते हो?"

पुनाभाऊ म्हणजे दवाखान्याचे जुने कंपाउंडर. ते चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबले. "का गं? पेशंट नाहीत म्हणून माशा मारायला बसलीस की काय?"

"मारत नाहीये, मोजतेय."

"एवढी शिकलीस, आणि शेवटी हेच काम?" असं म्हणत ते खुर्चीमागं येऊन उभे राहिले. पडदा बघून त्यांनी चष्मा वर केला. "आयला. ही कुठली? गुरांवरची असेल. हिरवी माशी मोठी असते."

दीपमालालाही तेच आधी वाटलं होतं. तिनं उजेड वाढवून पाहिलं. हिरवी चमक कुठंच नव्हती. राखाडी रंग, पाठीवर गडद पट्टे. बी.एस्सी.ला कीटकांच्या तासाला हीच माशी भिंगाखाली घातली होती. सहा-सात मिलिमीटर, त्याच्या फार पुढं नाही.

"माशी साधीच आहे," ती हळूच म्हणाली. "भाकरीच लहान आहे."

माशी सात मिलिमीटरची धरली, तर भाकरी पंधरा सेंटिमीटरची. मग ताट वीसचं. तिनं कागद उलटा केला. भाकरीची जाडी तेवढीच धरली तरी पीठ निम्मं झालं, दोन भाकरींचे मिळून दोनशे नव्वद. वाट्यांची तर लांबी, रुंदी आणि खोली तिन्ही आटल्या. दीडशेची वाटी पंचावन्न मिलिलिटरवर आली. भरीत आणि वरण मिळून कसेबसे शंभर. बेरीज चारशेच्याही आत.

साडेआठशे आणि चारशे. फोटो तोच, फक्त मनातलं ताट बदललं.

तरी माशीच्या भरवशावर डॉक्टरांकडं जायचं तिला पटेना. माशी भाकरीच्या फुगवट्यावर बसली असेल, पंख पसरले असतील. मोजायला ठरीव मापाची वस्तूच हवी. तिनं हेमलताला फोन लावला. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते.

"हेमलताताई, आबा ज्या ताटात जेवले ते ताट पुढ्यात घ्या. दहा रुपयांचं नाणं त्यात ठेवा आणि वरून फोटो काढा. लगेच पाठवा."

"कसाले वं मॅडम?" हेमलता घाबरली. "ताट घासेल शे. काय चुकनं का?"

"काही चुकलं नाही. माझंच एक गणित अडलंय."

दोन मिनिटांत फोटो आला. नाणं सत्तावीस मिलिमीटरचं, यात वादाला जागा नाही. ताटाच्या रुंदीत नाणी सात आणि वर अर्ध्याला थोडी कमी. ताट वीसचं.

तिनं परत फोन लावला. "हे ताट एवढं लहान कसं?"

"आते तुम्हीच सांगं व्हतं ना!" हेमलताचा आवाज चढला. "तुम्हना कागदवर लिखेल शे, धाकला ताटमा जेवा. मी पोऱ्यानं ताट काढं आबासाठी. भाकर त्यामा मावे ना, मंग भाकर बी धाकली करी. वाट्या बी पोऱ्याना भातुकलीन्या गत. आबा रोज म्हनतस, हाई ताट शे का पानदान?"

तो कागद तिनंच छापून घेतला होता. वजन कमी करायचं असलेल्या शहरातल्या पेशंटसाठी. त्यात पहिल्याच ओळीत ते वाक्य होतं, आणि आबांच्या फाईलला तो कुणीतरी बाकीच्या कागदांबरोबर टाचला होता. सून आज्ञाधारक निघाली, तिनं लहान पोराचं ताट आबांपुढं ठेवलं, आणि आपण फोटोतल्या भरगच्च ताटाकडं बघून आपल्या जळगावच्या घरातलं ताट मनात धरलं. तिथं भाकरी नेहमीच ताटाच्या पाऊणपट असते. इथंही होती.

पण मग संध्याकाळचे दोनशे चाळीस कुठून येतात?

"हेमलताताई, एक विचारू? रागावणार नाही. चक्कर आली की आबांना काय देता?"

पलीकडून दबक्या आवाजात उत्तर आलं, "गूळना खडा. आन शेंगदाना. मोठा मोठा दोन खडा. साखरवालाले गूळ दिधा म्हनीसन तुम्ही वरडशात, म्हनून सांगं नही."

दीपमालाला सगळा दिवस डोळ्यांसमोर दिसला. सकाळी इन्सुलिन, दुपारी अर्धं जेवण, चारला साखर खाली, मग भीतीनं दोन मोठे खडे, आणि सातला मशीनवर दोनशे चाळीस. तो आकडा बघून इथं डोस वाढणार होता.

"आबा आत्ता कुठं आहेत?"

"वावरमा. घराना मांगेच."

"मशीन घ्या आणि पळा. आधी तपासा, मग मला आकडा सांगा. फोन चालूच ठेवा."

ती उठून डॉक्टरांच्या दारात गेली, फोन कानाशी धरून. डॉक्टर दुसऱ्या पेशंटशी बोलत होत्या. तिच्या तोंडाकडं बघून थांबल्या. दीपमालानं चार वाक्यांत सांगितलं. फोनमधून चपलांचा आवाज, कुत्र्याचं भुंकणं, मग लांबून आबांचा आवाज आला, "काय वं, काय व्हयनं? घरले आग लागनी का?"

"बोट द्या आबा," हेमलता धापा टाकत म्हणाली.

"आते बी? सात वाजाना येळ शे ना?"

मशीन बारीकसं वाजलं.

"मॅडम, एकसष्ट."

डॉक्टरांनी फोन हातात घेतला. "हेमलता, साखर आहे का जवळ? गूळ आहे? लिंबाएवढा खडा पाण्यात विरघळवून प्यायला द्या. सावलीत बसवा. पंधरा मिनिटांनी परत तपासा, आणि मग घरी नेऊन भाकरी खायला घाला. तो गूळ देत होतात ते बरोबर होतं. सांगायला हवं होतं, एवढंच." फोन परत देताना त्या दीपमालाला म्हणाल्या, "डोस वाढत नाही. उलट दोन युनिट कमी करते. आणि तो कागद आधी फायलीतून काढ."

पंधरा मिनिटांनी आकडा चौऱ्याण्णव आला. त्याच्या मागोमाग आबांचा आवाज, आता अगदी ठणठणीत. "मॅडम, आते मना ताट मले परत भेटी का नही?"

"मिळेल आबा. पण भाकरी मी सांगेन त्या मापाची. आणि चार वाजता मशीन बरोबर न्यायचं."

"हा. मशीन बी लई जासू. पन त्या पोऱ्याना ताटमा मी परत बसाऊ नही."

पुनाभाऊंना एवढ्यात सगळी हकिकत कळली होती. त्यांनी गार झालेला चहा संपवला आणि विचारलं, "आता भाकरीवर माशी बसवूनच फोटो मागवणार का?"

"नाही. दहाचं नाणं. ताटाशेजारी ठेवायचं, ताटात नाही." तिनं हेमलतालाही तेच कळवलं, आणि भाकरीवरच्या माशीनं माप कसं दिलं तेही.

दुसऱ्या दिवशी एक वाजता फोटो आला. मोठं, काठाला पोचा आलेलं ताट. कडेला नाणं. दीपमालानं पट्टी लावली. ताट तीसचं निघालं, तिच्या मनातल्यापेक्षाही मोठं. खाली हेमलतानं लिहिलं होतं, 'माशी हाकली शे. मोजा आते.'