तळाचा कागद

या, पुढं सरकून बसा. एक गोष्ट सांगतो. एका माणसानं सही केली आणि त्याच सहीनं त्याचं तोंड बंद केलं, त्याची.

संगीत कॉलेजात एक सर होते. पोरं त्यांना ‘गाळणी’ म्हणायची. धून हातात आली की ते आधी वरची नक्षी गाळायचे, मग मधली वळणं, आणि तळाशी उरलेले दोन-चार सूर कागदावर मांडायचे. वरचे शंभर सूर म्हणजे तळातला एकेक सूर लांबवण्याची खटपट, असं त्यांचं म्हणणं.

विभागप्रमुखांनी तक्रार केली, शेवटच्या वर्षाच्या मुलीनं माझी धून चोरली. चोरी ठरली तर तिची पदवी जाणार. तपासणी आली गाळणीकडं.

त्यांनी दोन्ही धुना गाळल्या, प्रत्येक पायरीचा वेगळा कागद केला आणि सगळे फायलीत लावले. तळाशी दोन्हीकडं वर ग, रे, सा आणि खाली खर्जात सा, प, सा. त्यांनी लिहिलं, ‘तळाचा सांगाडा एकच,’ आणि सही ठोकली. असा सांगाडा हजारो धुनांचा असतो, हे लिहिलंच नाही. हे तर सगळ्यांनाच ठाऊक असतं, असं त्यांना वाटलं.

सुनावणीच्या दिवशी सर खोलीत शिरले. भिंतीवर एकच कागद मोठा करून लावला होता. तळाचा.

“मधले कागद कुठायत, बाई?” त्यांनी प्राचार्यांना विचारलं.

“फायलीत एवढंच आलंय.”

विभागप्रमुख चष्मा पुसत होते. मुलगी भिंतीकडं बघत होती.

सर पियानोपाशी गेले. “हे बघा. प्रमुखांची धून ग धरते, म ला जाऊन येते, परत ग, मग उतरते. हिची ग, रे वर येऊन प च्या आधारावर अडकते. तिथं तुटते. पुन्हा ग पासून सुरू होते, तेव्हा कुठं सा ला पोचते. सांगाडा तोच, पण चाल निराळी!”

“गाळणीसाहेब,” प्रमुख हळूच हसले, “जे गाळून टाकायचं, तेच आता प्यायला देताय होय?”

कुणी हसलं नाही. प्राचार्यांनी कागदावर बोट ठेवलं. “सही तुमचीच ना?”

“माझीच, पण...”

“बसा.”

पेनचं टोपण उघडल्याचा आवाज झाला. मुलगी पहिल्यांदाच त्यांच्याकडं वळली. “सर, मी तुमच्या तासाला रोज पहिल्या बाकावर बसायचे.”

एवढंच म्हणाली. रडली असती तर बरं झालं असतं.

तिची पदवी गेली, दाखल्यावर चोरीचा शेरा पडला. आता ती दारोदार शिकवण्या मागत फिरते. तुमच्या दारी आली, तर तेवढं करा. दाखला बाजूला ठेवा आणि तिला म्हणा, धून वाजव बाई, पहिल्या सुरापासून.