शुद्ध पाण्याची टाकी

डायलिसिसच्या चार खुर्च्यांपैकी तिसऱ्या खुर्चीवर माझी आत्या होती. डायलिसिसची मागची खेप तिने तापामुळे चुकवली होती, त्यामुळे पायांवर सूज आणि बोलताना धाप. आज चुकवून चालणार नव्हतं.

नेमकी आजच मोटर लागेना.

केंद्राची विजेची कामं मीच बघतो. खालच्या टाकीतलं शुद्ध केलेलं पाणी मोटर गच्चीवरच्या टाकीत चढवते आणि तिथून ते मशीनना जातं. पाण्याची पातळी सांगणारे जुने तरंगते फ्लोट अडकायचे, म्हणून काल मी दोन्ही टाक्यांत सळ्यांचे सेन्सर बसवले आणि मोटर आपोआप चालू-बंद करणारा नवा कंट्रोलर लावला. बादलीतल्या नळाच्या पाण्यात तपासला, तेव्हा सगळं नीट चाललं. शेखी मिरवायला तेवढं पुरलं!

आता पॅनेलवर लाल दिवा होता. खालची टाकी कोरडी, म्हणून मोटर बंद. झाकण उघडलं तर टाकी पाऊण भरलेली.

"दादा, वर अर्ध्या तासाचंच पाणी आहे," इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या. "चौघांचे अजून दोन तास बाकी आहेत."

जवळच्या सुट्या सळ्या पॅनेलला जोडल्या आणि नळाच्या पाण्यात बुडवल्या. हिरवा. मग पेल्यातल्या शुद्ध पाण्यात. लाल.

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सळ्यांमधून वीज जाते ती पाण्यातल्या क्षारांमुळे. इथे क्षारच काढून टाकलेत, मग कंट्रोलरला पाणी दिसणार कसं? वरची टाकीही त्याला कायम रिकामीच दिसणार. खालच्या सळ्या तारेने जोडून फसवलं, तर मोटर सुरू होईल, पण थांबणार नाही.

"मीठ टाकलं तर?" माझा मदतनीस म्हणाला.

"वेडा आहेस का? ते पाणी रक्ताशेजारून जातं!"

स्विच मॅन्युअलवर टाकला. आता कोरडेपणापासून मोटरचं रक्षण करायला मी एकटाच. सिस्टर गच्चीवरून फोनवर आणि मी झाकणापाशी, हात स्विचवर. पाणी झपाट्याने उतरत होतं. मोटर हवा ओढायला लागली तर तिचं सील जळेल, आणि मग आजच काय, चार दिवस काही होणार नाही.

"अजून वीतभर हवंय!" सिस्टर ओरडल्या.

पाणी पाइपच्या तोंडापासून चार बोटं वर. तीन. जीव मुठीत धरून थांबलो. दोन.

"भरलं!"

खटकन स्विच पाडला.

आत्याचं डायलिसिस पूर्ण झालं. तोवर खालची टाकी पुन्हा भरत गेली तसं मी तीनदा असंच पाणी चढवलं. शेवटी सिस्टरनी वही उघडली. "काय लिहू? कंट्रोलर बिघडला?"

मान डोलावणं सोपं होतं. आत्याच्या खुर्चीकडे माझी नजर गेली.

"कंट्रोलर ठीक आहे. इथे न चालणारा सेन्सर मी बसवला. आज जुनेच फ्लोट दुरुस्त करून लावतो. माझं नाव लिहा."

आत्याचे डोळे मिटलेले होते, पण कान नाही. "लहानपणी काच फुटली की मांजराचं नाव सांगायचास," ती म्हणाली. तिला धाप लागली नव्हती.