गल्ल्यातले वीस हजार

रंगाच्या दुकानात मेहुण्याने पाऊल ठेवले ते नोकर म्हणून नव्हे, उद्धारक म्हणून. दाजींनी, म्हणजे त्याच्या बहिणीच्या नवऱ्याने, त्याला हिशेबाचे काम दिले आणि सांगितले की महिनाभर पुस्तक नीट लिही, रोख आणि बँक दोन्ही जुळवून दाखव, मग चार आण्यांच्या भागीदारीचे बघू. मेहुण्याने यातले ‘बघू’ कानाआड केले आणि ‘भागीदारी’ तेवढी घरी नेली. दुसऱ्याच दिवशी त्याने सासुरवाडीला फोन करून टाकला.

दुकानात तोवर चालत असे ती साधी वही. मेहुण्याने जाड पुठ्ठ्याचे तीन रकान्यांचे रोख पुस्तक आणले. डावीकडे आवक, उजवीकडे जावक, आणि दोन्हीकडे सूट, रोख, बँक असे तीन तीन रकाने. गिऱ्हाइकाने चेक दिला की डावीकडे बँकेच्या रकान्यात, मजुरी दिली की उजवीकडे रोखीत. आपण गिऱ्हाइकाला सोडलेली सूट डावीकडे, कारखान्याने आपल्याला सोडलेली उजवीकडे. हे सगळे तो गल्ल्यावर बसणाऱ्या आक्काला रोज समजावून सांगे. आक्का दाजींची थोरली बहीण. गल्ला तिच्या हातात दाजींच्या लग्नाआधीपासून होता. ती हूं हूं करत नोटा मोजत राही आणि मेहुण्याला वाटे, विद्या मुरते आहे.

त्याचा खास जीव होता तो कॉन्ट्रा नोंदीवर. गल्ल्यातले पैसे बँकेत भरले, तर पैसा दुकानातच राहिला, फक्त त्याने खोली बदलली. म्हणून ती रक्कम एकदा डावीकडे बँकेच्या रकान्यात आणि एकदा उजवीकडे रोखीच्या रकान्यात लिहायची, आणि दोन्हीकडे ‘सी’ घालायचा. ‘‘दोन पायांची नोंद असते ही,’’ तो म्हणे, ‘‘एक पाय विसरला की दुकान लंगडं.’’ हे वाक्य त्याने गिऱ्हाइकांनाही ऐकवले होते. एकजण नुसता ब्रश घ्यायला आला होता.

महिना संपला. शनिवारी मेहुण्याने बेरजा मारल्या. बँकेची शिल्लक छप्पन्न हजार सातशे वीस, पासबुकाला पैशापैशाने जुळली. रोखीची आवक आरंभीच्या शिलकीसह चोपन्न हजार, जावक साडेएकवीस हजार. शिल्लक साडेबत्तीस हजार. जावकेच्या बाजूला त्याने ‘शिल्लक पुढे नेली’ लिहिले, खाली लाल शाईच्या दोन रेघा ओढल्या आणि आक्काला गल्ला मोजायला सांगितला.

गल्ल्यात साडेबारा हजार निघाले.

मेहुण्याने चष्मा पुसला. मग जे बोलला ते दाजींच्या, बहिणीच्या आणि रंग मिसळणाऱ्या कारागिराच्या देखत बोलला. पुस्तक खोटे बोलत नाही, माणसे बोलतात. वीस हजार हातापायाने चालत गेलेले नाहीत. नाव कोणाचे घेतले नाही, पण मान सरळ आक्काकडे वळली, आणि दुकानात दुसरे कोणी गल्ल्यावर बसतही नव्हते. आक्काचा चेहरा पांढऱ्या प्रायमरसारखा झाला. तिने गल्ल्याचा खण बाहेर ओढला, सगळा रिकामा केला, फडक्याने पुसला, परत भरला आणि घरी गेली. दाजी एवढेच म्हणाले की सोमवारी बघू.

रविवारी मेहुणा पुरावा काढायला बसला. चोराला पकडायचे तर रीतसर, म्हणून एकेक ओळ पावतीशी ताडू लागला. बँकेत पैसे भरल्याची स्लिप हातात आली, वीस हजार. डावीकडे बँकेच्या रकान्यात ती रक्कम बसलेली, मोत्यासारख्या अक्षरात. मग तो उजवीकडे रोखीच्या रकान्यात आला. वरून खाली गेला, खालून वर आला. तिथे काही नव्हते. ‘सी’ नव्हता, वीस हजार नव्हते, दुसरा पाय नव्हता.

पैसे बँकेत सुखरूप होते आणि चोर म्हणून आक्का घरात उपाशी बसली होती, असे बहिणीने सकाळीच फोनवर सांगितले होते. आता कबूल करावे? कबुली म्हणजे भागीदारी गेली, सासुरवाडी गेली, ते दोन पायांचे वाक्य तर जन्मभर मानगुटीवर. नोंद गुपचूप घुसडावी, तर लाल रेघांच्या आत मुंगी शिरायला जागा नव्हती. स्वतःच्या टापटिपीने माणूस असा कोंडला जातो.

मग त्याला तिसरी वाट सुचली, आणि तीच सगळ्यांत महागाची होती. पुस्तक गल्ल्याशी जुळत नसेल, तर गल्ला पुस्तकाशी जुळवावा. त्याने एटीएममधून स्वतःची शिल्लक काढली, वीस हजार, आणि सोमवारी सगळ्यांच्या आधी दुकान उघडून खणाच्या मागे सारली. दाजी, आक्का आणि बाकीचे आले तसा त्याने खण ओढला आणि थक्क झाल्याचे सोंग बरे वठवले. वर मोठ्या मनाने सांगितले की आक्काच्या हातून नजरचुकीने मागे पडले असतील, वय झाले की होते असे, आपल्या मनात काही नाही.

आक्काने त्या नोटा हातात घेतल्या. नव्याकोऱ्या, एकीवरही रंगाचा ठिपका नाही. या दुकानात भिकाऱ्याला दिलेल्या नाण्यावरही ठिपका असे.

‘‘शनिवारी खण मी पुसला होता,’’ ती म्हणाली.

दाजींनी पुस्तक पुढे ओढले. सुटीच्या रकान्यांवर नजर थांबली. डावीकडे अकराशे पन्नास, उजवीकडे आठशे सत्तर, आणि मेहुण्याने तिथेही दोनशे ऐंशीची शिल्लक काढून पुढे नेलेली.

‘‘ही सुटीची शिल्लक ठेवलीस कुठे? गल्ल्यात की बँकेत?’’

सूट म्हणजे न आलेला आणि न दिलेला पैसा. त्या रकान्यांची नुसती बेरीज करायची, दोन वेगळ्या खात्यांत न्यायची, शिल्लक काढायची नाही. हे मेहुण्याला येत होते. हात वाहवला होता एवढेच. पण इथे चुकले म्हटल्यावर दाजी बाकीचे पानही वाचू लागले, सावकाश, बोट लावून. बोट वीस हजारांवर आले.

‘‘हे बँकेत भरले कुठून?’’

‘‘गल्ल्यातून,’’ मेहुण्याच्या तोंडून निघून गेले.

‘‘मग गल्ल्यातून गेल्याची नोंद?’’

दाजींनी पान उलटले, नव्या महिन्यात उजवीकडे रोखीच्या रकान्यात वीस हजार लिहिले, मागच्या पानाचा दाखला दिला आणि ‘सी’ घातला. पुस्तकात रोख राहिली साडेबारा हजार. शनिवारी आक्काने मोजले होते तेवढीच. गल्ल्यात मात्र साडेबत्तीस हजार होते.

‘‘आता हे वीस हजार जादा झाले,’’ दाजी म्हणाले. ‘‘तुझे असतील तर सांग. तुझ्या नावाने उसनवार लिहितो, संध्याकाळी घेऊन जा.’’

मेहुण्याने कारागिराकडे पाहिले, बहिणीकडे पाहिले. आक्काकडे पाहवेना. नोटा आपल्या म्हटले तर का ठेवल्या ते सांगावे लागणार. अब्रू वाचवायची ही शेवटची संधी, असे त्याला वाटले. ती कधीच गेली आहे, हे दुकानातल्या बाकी सगळ्यांना कळले होते.

‘‘माझे कसे असतील?’’ तो म्हणाला.

दाजींनी डावीकडे रोखीच्या रकान्यात लिहिले: जादा सापडलेली रोख, वीस हजार. शाई वाळू दिली. मेहुणा तिथेच उभा होता. एवढे गेले तर निदान भागीदारी तरी पदरात पडावी, म्हणून त्याने घसा खाकरून विषय काढला.

‘‘आधी आक्काची माफी माग,’’ दाजी म्हणाले. ‘‘मग भांडवल आण. भागीदार रिकाम्या हाताने येत नाही. फार नको, वीस हजार चालतील.’’

आक्काने नव्या नोटा जुन्या नोटांत मिसळल्या, खण आत ढकलला, आणि माफीसाठी कान पुढे केला.